पहिली सत्यनारायण पूजा एकट्याने सांगताना: नव्या गुरुजींसाठी

वडिलांच्या शेजारी बसून मंत्र म्हणणाऱ्या मुलाला कधी ना कधी एकट्याने पूजा सांगायला जावं लागतं. बहुतेकदा हे ठरवून होत नाही. श्रावणात एकाच दिवशी दोन घरची निमंत्रणं येतात, नाहीतर ऐन वेळी वडिलांचा घसा बसतो. पोथी पाठ असते, पण आजवर साहित्य तपासायचं, यजमानांना काय करायचं ते सांगायचं, घरातल्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ही सगळी कामं वडिलांनी केलेली असतात. अडतं ते तिथेच.

माझं असंच झालं. श्रावणातला शनिवार, डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, संध्याकाळची पूजा. सकाळी बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. ते घर आमचं जुनं, पण तिथले आजोबा वर्षापूर्वी वारले होते. आजवरच्या सगळ्या पूजांना तेच बसायचे. वर्षश्राद्ध झाल्यावर घरातलं हे पहिलं शुभकार्य, आणि पाटावर बसणार होता त्यांचा मोठा मुलगा, ज्याने आयुष्यात कधी आचमन केलं नव्हतं. बाबा येणार नाहीत, मी येतोय, हे कळल्यावर त्या मुलाच्या आईचा पहिला प्रश्न होता, ‘‘सगळं नीट होईल ना हो?’’

घाबरलेलं घर पूजाभर तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. तुम्ही थबकलात की त्यांना वाटतं, काहीतरी चुकलं. म्हणून खालच्या पायऱ्या मंत्रांपेक्षा मंत्रांच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त आहेत.

१. आदल्या दिवशी फोन करा, आणि चारच गोष्टी विचारा

गोत्र काय, पाटावर कोण बसणार, देवघरात बाळकृष्ण किंवा शाळिग्राम आहे का, आणि प्रसाद कोण करणार. ऐन वेळी जावं लागलं तर निदान सकाळी तरी हा फोन झालाच पाहिजे.

गोत्राचा प्रश्न पूजेच्या मध्यावर विचारू नका. पाटावर बसलेल्या माणसाला ते आठवत नाही, तो आईकडे बघतो, आई काकांना फोन लावते आणि सगळ्या खोलीला कळतं की यजमानाला स्वतःचं गोत्र माहीत नाही. खरोखरच कुणाला माहीत नसेल तर काश्यप गोत्र म्हणायची रीत आहे. तेही फोनवरच सांगून टाका, म्हणजे त्यांना कमीपणा वाटत नाही.

बाळकृष्ण नसेल तर तुमचा शाळिग्राम किंवा बाळकृष्ण न्यायचा. ‘देव नाही म्हणून पूजा अडली’ हे यजमानाच्या कानावर पडताच कामा नये.

२. साहित्य: त्यांची यादी आणि तुमची पिशवी

यजमानांना यादी लिहून पाठवा, तोंडी सांगू नका. माझी यादी अशी असते:

- चौरंग, त्यावर घालायला कोरं कापड, चार कोपऱ्यांना बांधायला केळीचे खुंट किंवा पानं
- दोन तांबे, दोन ताम्हणं, पळी-पंचपात्र, दोन समया, निरांजन
- तांदूळ सुमारे एक किलो, गहू पाव किलो
- सुपाऱ्या तीस, विड्याची पानं पंचवीस, सुटी नाणी
- नारळ दोन, पाच फळं, आंब्याचे डहाळे
- हळद, कुंकू, गंध, अक्षता, अष्टगंध, जानवं, कापसाची वस्त्रं
- फुलं, दूर्वा, आणि भरपूर तुळस
- पंचामृताचं दूध, दही, तूप, मध, साखर
- उदबत्ती, कापूर, वाती, तेल, तूप

सुपाऱ्यांचा हिशेब माहीत असला म्हणजे कमी पडत नाहीत. गणपतीची एक, नवग्रहांच्या नऊ, अष्टदिक्पालांच्या आठ, कलशात एक, असे एकोणीस लागतात. उरलेल्या विड्यांसाठी. दर विड्याला दोन पानं, एक सुपारी, एक नाणं.

तुमच्या पिशवीत मात्र असं साहित्य हवं, जे यजमान हमखास विसरतात: काडेपेटी, वातींचा पुडा, कापूर, जानवी दोन, दहा सुपाऱ्या, शंख, घंटा, पंचांग आणि पोथी. पोथी मोबाइलवर नको. कथेच्या मधोमध फोन वाजला तर तो तुमचाच वाजतो, आणि पूजेला जमलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते फार खटकतं.

प्रसादाचं वेगळं सांगतो, कारण घरातल्या बायकांना सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच असते. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने: सव्वा वाटी किंवा सव्वा किलो, माणसं बघून. दूध रव्याच्या अडीच-तीन पट, केळी, वेलची, बेदाणे. आमच्या यजमानीणबाईंनी मी दारात पोचताच हळूच विचारलं, ‘‘गुरुजी, साखर सव्वा वाटीला थोडी कमीच भरली. आता काय करायचं?’’ अशा वेळी पोथीच कामी येते. पहिल्या अध्यायातच सांगितलंय की केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ घ्यावं. गहू नसेल तर तांदळाचं पीठ, साखर नसेल तर गूळ. म्हणजे उणं पडलं तर काय करायचं ते व्रत सांगणाऱ्यानेच सांगून ठेवलंय. मी म्हटलं, ‘‘वहिनी, गुळाचा एक खडा घाला, सव्वा झालं.’’ त्या हसल्या आणि आत गेल्या.

३. संकल्पाचा कागद घरूनच लिहून न्या

नवा माणूस बहुतेक वेळा संकल्पात अडखळतो. बाकीचे मंत्र रोजचे असतात, संकल्प मात्र दर दिवशी बदलतो. पंचांग उघडून एका कागदावर क्रमाने लिहा: शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. पुढे चंद्र, सूर्य आणि गुरू कोणत्या राशीत ते, आणि शेवटी यजमानाचं गोत्र व नाव.

नुसते शब्द लिहू नका, ज्या रूपात म्हणायचे त्या रूपात लिहा. उदाहरणार्थ शके १९४७ चा श्रावण असेल तर ‘विश्वावसुनाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षाऋतौ, श्रावणमासे, शुक्लपक्षे’ असं सलग. तिथीचंही तसंच: पंचमी असेल तर ‘पंचम्यां तिथौ’. वारांची नावं तर वेगळीच येतात. रविवार भानुवासर, सोमवार इंदुवासर, मंगळवार भौमवासर, बुधवार सौम्यवासर, गुरुवार गुरुवासर, शुक्रवार भृगुवासर, शनिवार मंदवासर. घरी सवय असलेल्यालाही ऐन वेळी ‘शनिवासरे’ तोंडात येतं आणि मग जीभ अडते.

पूजा संध्याकाळी असेल तर तिथी किती वाजता संपते तेही पंचांगात बघून ठेवा. सकाळची तिथी संध्याकाळी असेलच असं नाही. आपल्या घरी याबाबत काय धरतात ते वडिलांना आधी विचारा, यजमानांसमोर पंचांग चाळत बसू नका.

गोदावरीचं तीरही तपासा. आपण नदीच्या दक्षिणेला आहोत की उत्तरेला त्यावर ‘दक्षिणे तीरे’ की ‘उत्तरे तीरे’ ते ठरतं. डोंबिवली, पुणे, सातारा दक्षिणेला. धुळे-जळगावकडे गेलात तर उत्तरेला.

४. मुहूर्ताच्या तासभर आधी पोचा आणि मांडणी स्वतः करा

घरात शिरल्यावर आधी खोली बघा. चौरंग असा ठेवा की यजमान पूर्वेकडे तोंड करून बसेल. मग वर बघा. पंखा चौरंगावर असेल तर समई टिकणार नाही. पंखा बंद करा म्हटलं तर श्रावणातल्या उकाड्यात पाहुणे घामाघूम होतात, आणि मग कुणीतरी तुमचं लक्ष नसताना तो लावतंच. त्यापेक्षा चौरंगच पंख्याखालून दोन हात सरकवून भिंतीकडे घ्यावा. समया दोन ठेवाव्यात, आणि एकीत दोन तरी वाती.

मांडणी आमच्याकडे अशी असते: चौरंगावर कापड, मधोमध गव्हाची रास, त्यावर पाण्याने भरलेला तांब्याचा कलश. कलशात गंध, अक्षता, फूल, दूर्वा, सुपारी, नाणं, तोंडाशी आंब्याचा डहाळा. त्यावर तांदूळ भरलेलं ताम्हण, म्हणजे पूर्णपात्र. त्यात सुपाऱ्या, आणि मुख्य पूजेच्या वेळी मधे बाळकृष्ण. पुढे उजव्या हाताला गणपतीची सुपारी. घराघरांत थोडा फरक असतो. घरातल्या मोठ्या माणसांनी ‘आमच्याकडे असं ठेवतात’ म्हटलं तर ते तसंच ठेवा, वाद घालू नका.

पूर्णपात्र ठेवल्यावर कलशाला बोटाने हलकासा धक्का देऊन बघा. रास उथळ असली तर कलश डुगडुगतो आणि पूजेच्या मध्यावर ताम्हण कलंडतं. गहू चारी बाजूंनी दाबून कलश त्यात रुतवायचा.

मांडणी करतानाच लहान मुलांना कामाला लावावं. तुळशीची पानं निवडायला, दूर्वांच्या जुड्या करायला. मोठी माणसं मग आपोआप जवळ येऊन बसतात आणि घर हळूहळू शांत होतं.

५. वडीलधाऱ्यांना नमस्कार: ही पायरी उरकू नका

पाटावर बसण्याआधी यजमानाला कुंकू लावायचं, त्याने घरच्या देवापुढे विडा ठेवून नमस्कार करायचा, मग वडीलधाऱ्यांना. घाईत असलेले गुरुजी हे दोन वाक्यांत आटोपतात.

त्या घरी काकू, म्हणजे यजमानाची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराचं टोक दोन्ही हातांत धरलेलं. एवढी वर्षं त्या या चौरंगापुढे नवऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. आता पुढे यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं आणि त्यांना बोलवायचं धाडस घरात कुणाला होत नव्हतं.

‘‘काकू, इकडे या.’’

‘‘मी इथेच बरी आहे. तुमचं चालू द्या.’’

‘‘यजमानांनी थोरांना नमस्कार केल्याशिवाय पाटावर बसायचं नाही, असा क्रमच आहे. तुम्ही आल्याशिवाय मला सुरुवात करता येणार नाही.’’

त्या आल्या. मुलगा आणि सून वाकली. त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. मी मधे बोललो नाही. मग चौरंगाच्या बाजूला खुर्ची ठेवून फुलांची परडी त्यांच्या मांडीवर दिली आणि सांगितलं, ‘‘मी म्हणेन तेव्हा फुलं तुम्ही द्यायची.’’

ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे कोण कुठे बसणार हे मांडणी चालू असतानाच मनाशी ठरवा. पूजा सुरू झाल्यावर कुणी ‘त्यांनी हात लावला तर चालेल का’ असं विचारलं तर ज्या माणसाबद्दल विचारलं जातंय, तो ते ऐकत असतो.

६. आधी हात शिकवा, मग मंत्र सुरू करा

यजमान पाटावर बसला, पत्नी उजव्या हाताला बसली की लगेच ‘केशवाय नमः’ म्हणू नका. दोन मिनिटं नुसतं दाखवा. डाव्या हाताने पळी धरायची, उजव्या तळव्यावर थोडं पाणी घ्यायचं. पहिल्या तीन नावांना, म्हणजे केशव, नारायण, माधव, पाणी प्यायचं. चौथ्या, गोविंदाच्या नावाला ताम्हणात सोडायचं. नवा यजमान हमखास चौथं पाणीही पितो, आणि मग बाजूची मंडळी ‘अरे, सोडायचं, सोडायचं!’ करतात. तो बावरला की पुढचा तासभर प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे बघून ‘बरोबर ना?’ विचारतो.

आमच्या यजमानाने मी दाखवूनही ते पाणी प्यायलंच. मी ताम्हण पुढे केलं आणि म्हटलं, ‘‘आता एक पळी यात सोडा. गोविंदाय नमः.’’ पुढे गेलो. ‘चुकलं’ हा शब्द पूजेत तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. पुढे काय करायचं तेवढं सांगा.

सूचना मंत्राच्या आधी द्यायची. ‘आता हातात अक्षता घ्या, मी नमः म्हटलं की सुपारीवर वाहा’, असं सांगून मग मंत्र. आधी मंत्र आणि मग सूचना दिली की यजमानाची धांदल उडते. आणि सूचना एका वेळी एकच. ‘गंध लावा, फूल वाहा, मग पळीभर पाणी सोडा’ असं म्हटलं की त्याच्या हातात पळी येते आणि गंध राहून जातं.

संकल्पाच्या वेळी यजमानाला त्याचं नाव आणि गोत्र स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावा. वहिनींचा हात त्यांच्या हाताला लागलेला असू दे. संकल्प झाला की त्याचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत सांगावा: आज अमुक दिवशी, आम्ही अमुक, घरातल्या सगळ्यांच्या सुखासाठी ही पूजा करतो आहोत. ज्याला आपण काय करतोय ते कळलं, त्याचा हात कमी थरथरतो.

७. पूजेचा क्रम

संकल्पानंतर गणपतिपूजन, मग कलश, शंख, घंटा, दीप. त्यानंतर वरुणाचं आवाहन, नवग्रह, दिक्पाल, आणि शेवटी सत्यनारायणाची षोडशोपचार पूजा. हा क्रम तुम्हाला पाठ असतोच. एकट्याने करताना गोंधळ होतो तो दोनच जागी.

पहिली जागा पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. वाट्या याच क्रमाने डावीकडून उजवीकडे आधीच मांडून ठेवा. एका ताटलीत पाची वाट्या गोल ठेवल्या की मधाआधी साखर हाती येते. अभिषेकासाठी बाळकृष्ण दुसऱ्या, रिकाम्या ताम्हणात घ्यायचा. दुसरं ताम्हण यादीत आहे ते त्यासाठीच. स्नान झाल्यावर पुसून, गंधाक्षता लावून मग पूर्णपात्रात ठेवायचा. पुसायचा पंचा मांडणीच्या वेळीच जवळ ठेवा, नाहीतर ओला देव हातात धरून थांबावं लागतं.

दुसरी जागा नावं. विष्णूच्या नावांनी तुळस वाहायची असेल तर घरातल्या सगळ्यांना एकेक पान वाहायला बोलवता येतं. पण पाहुणे जास्त असतील तर मधेच रांग लागते आणि नावं संपली तरी माणसं उरतात. तिथे यजमानानेच तुळस वाहावी, बाकीच्यांना आरतीनंतर सावकाश वाहू द्यावी.

नैवेद्याला पाण्याचं चौकोनी मंडल, त्यावर प्रसादाचं पातेलं, वर तुळशीचं पान. ‘प्राणाय स्वाहा’ म्हणताना डोळे मिटायला सांगा. घाबरलेल्या यजमानाला त्या संध्याकाळी तेवढीच घटकाभर उसंत मिळते.

८. दिवा विझला, काही सांडलं, कुणी शिंकलं

नवग्रहांच्या वेळी कुणीतरी पंखा वाढवला आणि डावी समई गेली. खोलीत एकदम शांतता. काकूंच्या हातातली परडी थांबली. यजमान माझ्याकडे बघत होता, वहिनी काकूंकडे.

अशा वेळी मंत्र तोडायचा नाही. चालू आहे तो मंत्र शांतपणे संपवा, मग दुसऱ्या समईवरून वात पेटवून घ्या. मी एवढंच म्हटलं, ‘‘वारा लागला. पंखा एकावर करा,’’ आणि पुढच्या ग्रहाची अक्षता यजमानाच्या हातावर ठेवली. दोन समया ठेवायच्या त्या याचसाठी: एक गेली तरी देवापुढे उजेड असतो, आणि काडेपेटी शोधायची धावपळ होत नाही.

सुपारी घरंगळली तर उचलून, धुऊन परत ठेवावी. पाणी सांडलं तर पुसावं. नारळ नासका निघाला तर दुसरा फोडावा, म्हणून यादीत दोन आहेत. यातल्या कशालाही अपशकुन म्हणू नका, आणि पाहुण्यांपैकी कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. तो शब्द एकदा बोलला गेला की घराला वर्षभर आठवतो, पुढे काही बिनसलं की दोष त्या दिव्यावर येतो.

९. कथा: वाचायची कशी आणि थांबायचं कुठे

कथेचे पाच अध्याय. नारद आणि विष्णूंचा संवाद, काशीचा गरीब ब्राह्मण आणि मोळीविक्या, साधुवाणी, त्याची मुलगी कलावती, शेवटी तुंगध्वज राजा. प्रत्येक अध्यायानंतर घंटा आणि नामाचा गजर. संस्कृत वाचून लगेच मराठीत सांगत असाल तर वेळ दुप्पट लागतो. पाहुण्यांची जेवणं खोळंबलेली असतील तर नुसती मराठी कथा सांगा, पण पाचही अध्याय सांगा.

सांभाळायचा तो चौथा अध्याय. नवरा परत आल्याचं ऐकून कलावती प्रसाद टाकून धावते आणि नवऱ्यासकट नाव पाण्यात दिसेनाशी होते. या घरी नेमका त्याच वेळी यजमानाचा धाकटा भाऊ उठला. त्याला रात्रपाळी होती, गाडी गाठायची होती. तो दारापाशी चप्पल घालत होता आणि इकडे मी नाव बुडाल्याचं सांगत होतो. काकू अर्धवट उठल्या. ‘‘अरे, प्रसाद!’’ अजून आरती झाली नव्हती, देणार काय? त्यांचा चेहरा उतरला. वर्षापूर्वीचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

मी कथा थांबवली नाही, पुढे नेली. कलावतीच्या नवऱ्याला कुणी कायमचं बुडवलं नाही. आकाशवाणी झाली की हिने प्रसाद टाकलाय, तो घेऊन येऊ दे, नवरा मिळेल. ती घरी परत गेली, प्रसाद घेतला, आली, नाव समोर उभी होती. एवढं सांगून झाल्यावर मी पोथीवर बोट ठेवून काकूंकडे वळलो. ‘‘बघा, तिनेही नंतरच घेतला. दादांसाठी डब्यात काढून ठेवा, सकाळी आले की आंघोळ करून घेतील.’’ भावाने दारातूनच देवाला हात जोडले आणि निघाला. काकू खाली बसल्या.

म्हणून दोन गोष्टी. कथा कधीही संकटाच्या वाक्याशी सोडू नका, मधे पाणी प्यायचं असेल तर अध्याय संपल्यावर. आणि सुरुवातीलाच विचारून घ्या की कुणाला लवकर निघायचंय का. तसं असेल तर यजमानीणबाईंना आधीच सांगा, डबा तयार ठेवा.

पाचव्या अध्यायात तुंगध्वज गवळ्यांनी दिलेला प्रसाद टाकतो, सगळं गमावतो आणि परत येऊन प्रसाद घेतल्यावर सगळं मिळवतो. तिथेही परत येण्याचा भाग घाईत गिळू नका. घाबरलेल्या घराला तो भाग ऐकायचा असतो.

१०. आरती आणि क्षमाप्रार्थना

गणपतीची आरती, सत्यनारायणाची आरती, मंत्रपुष्पांजली, प्रदक्षिणा. आरतीला उभं राहण्याआधी यजमानाला उपरणं सावरायला सांगा आणि निरांजन वहिनींच्या हाती द्या, लहान मुलाच्या नको.

शेवटी क्षमाप्रार्थना असते. हे दोन श्लोक यजमानाकडून हात जोडून म्हणवून घ्यावेत:

आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम् ।
पूजां चैव न जानामि क्षम्यतां परमेश्वर ॥

मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर ।
यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे ॥

मग अर्थ सांगा: मला आवाहन येत नाही, पूजा येत नाही, मंत्रात, कृतीत, भक्तीत जे उणं राहिलं ते, देवा, तू पूर्ण करून घे. त्या यजमानाने हे ऐकून विचारलं, ‘‘म्हणजे हे प्रत्येकालाच म्हणावं लागतं?’’ मी म्हटलं, ‘‘प्रत्येकाला. तुमचे बाबाही म्हणायचे.’’ त्याने बायकोकडे पाहिलं. आचमनाचं पाणी त्याच्या मनातून अजून गेलं नव्हतं.

दक्षिणा यजमान देईल ती घ्या, आशीर्वादाची अक्षता टाकून. रक्कम ठरवायची असेल तर ती आदल्या दिवशीच्या फोनवर वडिलांनी ठरवावी, तुम्ही पाटाजवळ बोलू नये.

११. उत्तरपूजा ठरवूनच घराबाहेर पडा

हे हमखास राहतं. तुम्ही निघून जाता आणि सकाळी फोन येतो, ‘‘गुरुजी, हे सगळं आता उचलायचं का?’’ शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जा. जमणार नसेल तर यजमानाला तिथेच दाखवून या: गंध, फूल, हळदकुंकू वाहायचं, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, अक्षता टाकून ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं आणि कलश किंचित हलवायचा. तो श्लोक कागदावर लिहून द्या:

यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् ।
इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥

पुढचं सगळ्यांना पडणारं कोडं, की कशाचं काय करायचं. कलशातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं तुळशीला. गहू-तांदूळ आमच्याकडे गुरुजींना देतात, कुणी घरात शिजवतात. नारळ फोडून वाटतात. फुलं आणि पानं कुंडीच्या मातीत किंवा निर्माल्य कलशात, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाडीत नाही. बाळकृष्ण त्यांचा असेल तर देवघरात. तुमचा असेल तर सगळ्यात आधी तो डबीत घालून पिशवीत टाका, पोथी-पंचांग नंतर.